प्रांजळ अपयश कसे असावे

पुण्यातल्या एका तरुण संस्थापकाने डबे पोचवणारी कंपनी बंद केली आणि लिंक्डइनवर प्रांजळ कबुली दिली. प्रत्येक वाक्याला स्वतंत्र ओळ आणि मध्ये भरपूर मोकळी जागा, म्हणजे वाचकाला हुंदका आवरायला सवड मिळते. 'मी कमी पडलो,' असे तो लिहितो. कितीने, हे विचारणे असभ्यपणाचे.

हिशेब खरे तर शाळकरी होता. डबा १२० रुपयांना विकायचा. स्वयंपाकाचे ८५, पोचवायचे ४५, पॅकिंगचे १०. म्हणजे डब्यामागे २० रुपये पदरचे, सवलत वेगळी. सवलत संपली की गिऱ्हाईक संपे, म्हणून सवलत वाढवली. डबे दुप्पट झाले, तोटा दुपटीहून जास्त. पण असले आकडे पोस्टमध्ये आले असते तर दुसरा कोणी त्यातून काही शिकला असता! म्हणून 'बाजार अजून तयार नव्हता' एवढेच लिहिले. बाजाराने मात्र आपली चूक अद्याप कबूल केलेली नाही.

पगारातून कापलेला पीएफ भरायचा राहिला, तेही विनयाने वगळले आहे.

यापुढे नवउद्योजकांनी अपयशाची पोस्ट कंपनीच्या नोंदणीआधीच लिहून ठेवावी. गुंतवणूकदारालाही परताव्याची निदान एक खात्री मिळेल.

'रिस्पेक्ट'चा पाऊस पडला. स्वयंपाक पुरवणाऱ्या काकूंनीही लिहिले, "छान लिहिलंयस बाळा. दोन महिन्यांचं बिल कधी देतोस?"

त्याने लगेच बदाम दिला.