सात तेरं एक्क्याण्णव

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी मी अभ्यासाचा कार्यक्रम आखायला बसलो. संयुक्त पूर्व परीक्षेला नव्वद दिवस होते आणि विषय सात. इतिहास, भूगोल, विज्ञान, नागरिकशास्त्र, अर्थव्यवस्था, चालू घडामोडी आणि शेवटी अंकगणित-बुद्धिमापन. प्रत्येकाला तेरा दिवस दिले. सात तेरं एक्क्याण्णव, म्हणजे एक दिवस जास्त झाला. तो मी अंकगणितातून कापला. अंकगणितात माझे मार्क का जातात, याचं कारण तिथेच दिसायला हवं होतं.

मग विषयांचे तुकडे पाडले. राज्यघटनेत मूळ 395 कलमं. भागिले तेरा, म्हणजे रोज साधारण तीस. फोनवर पहाटे साडेचारची आठवण लावली, ‘कलम 1 ते 30’, दुसऱ्या दिवशी ‘31 ते 60’. असं शेवटपर्यंत. शिवाय वाचलेलं विसरू नये म्हणून प्रत्येक धड्याची उजळणी दुसऱ्या दिवशी, सातव्या दिवशी आणि एकविसाव्या दिवशी. यात एकविसाव्या दिवसापासून रोज चार घंट्या वाजणार, एक नव्या धड्याची आणि तीन जुन्यांच्या, हा हिशेब मी केलाच नाही. तो माझ्या आईने केला, कारण आमच्या घराला झोपायची खोली एकच.

चाळिसाव्या दिवशी नागरिकशास्त्र सुरू झालं. मूलभूत हक्क म्हणजे कलम 12 ते 35. माझी सुरी बरोबर त्यांच्या पोटातून गेली. समतेचा हक्क, स्वातंत्र्याचा हक्क, शोषणाविरुद्धचा, धर्माचा, अल्पसंख्याकांच्या शिक्षणसंस्थांचा, हे सगळं तिसाव्या कलमापर्यंत एका पहाटेत उरकलं. उरलं ते 32. हे हक्क कोणी मोडले तर थेट सर्वोच्च न्यायालयात जाता येतं, असं सांगणारं कलम. बाबासाहेबांनी ज्याला घटनेचा आत्मा म्हटलं ते. म्हणजे हक्क आज मिळाले, दाद मागायची सोय उद्यावर गेली.

उद्या मात्र आईने दारातूनच सांगितलं, “कापूस भरून आला, बाया मिळून नाही राह्यल्या. चाल वेचाले.”

पाच दिवस वेचणी चालली. ओटीत कापूस आणि खिशात फोन. चार घंट्या रोज, पाच दिवस, वीस राहिलेले धडे, आणि फोनने ते सगळे लाल अक्षरांत एकाखाली एक मांडलेले. सहाव्या दिवशी ताजा धडा वाचावा की लाल संपवावेत, या विचारात आणखी दोन दिवस गेले. तोवर लाल अठ्ठावीस झाले. फोन पडून काच फुटली तेव्हा मला, खरं सांगतो, हलकं वाटलं.

पण मी हट्टी. उरलेली यादी बाबांच्या फोनवर घेतली आणि घाईत ‘एकदाच’ऐवजी ‘दर आठवड्याला’ दाबलं. मंगळवारी बाबा कापसाची गाडी घेऊन बाजार समितीत उभे होते. साडेनऊला भावाची बोली चालू असताना खिशातला फोन वाजला. बाबांनी चष्मा सावरून मोठ्याने वाचलं, “दारिद्र्य. वीस मिनिटं.” रांगेतले सगळे हसले. घरी येऊन एवढंच म्हणाले, “हे मले कायले आठोन देते बाप्पा? हे तं मले पाठ आहे.”

पूर्व परीक्षेत शंभर प्रश्न आणि एक तास. चार उत्तरं चुकली की एका बरोबर उत्तराचा गुण जातो. माझी चुकलेली बहुतेक उत्तरं अर्धवट वाचलेल्या भागांतली होती. जे अजिबात वाचलं नव्हतं ते मी सोडून दिलं होतं. अर्धवट वाचलेल्यावरच हात शिवशिवतो.

यंदा तुकडे अर्थ पाहून पाडले. हक्कांना तीन दिवस. पहिल्या दिवशी 18 पर्यंत, दुसऱ्या दिवशी 19 ते 24, तिसऱ्या दिवशी उरलेले, 32 सकट. आठवणीत कलमांचे आकडे नाहीत, प्रश्न आहे: ‘अटक केलेल्या माणसाला किती तासांत दंडाधिकाऱ्यापुढे न्यायचं?’ चोवीस आलं, तर पुस्तक उघडायचं नाही. नाही आलं, तर कलम 22 उघडायचं. धड्याला तारीख नाही, नंबर आहे. वेचणीला गेलो तर चौदा नंबर परत येईपर्यंत चौदाच राहतो, लाल होत नाही. उजळणी तीनदाऐवजी दोनदा. रविवार रिकामा, आणि गणितं रोज दहा, कापूस असो की नसो.

बाबांच्या फोनमधलं ‘दारिद्र्य’ काढायचं मात्र राहून गेलं. दर मंगळवारी साडेनऊला वाजतं.