मलपृष्ठ टँकरवाल्यांना

मोशीतल्या एका सोसायटीच्या त्रैमासिकाचे जाहिरात दरपत्रक नमुनेदार आहे. आतले पूर्ण पान 4,000 रुपये, अर्धे 2,500. म्हणजे दोन अर्धी पाने पूर्ण पानापेक्षा 1,000 रुपये जास्त मिळवतात. रंगीत मलपृष्ठ 8,000. चारही अंक एकदम आरक्षित केल्यास 20 टक्के सूट. पाणीपुरवठ्याच्या वेळापत्रकासमोरच्या पानाला मात्र 25 टक्के जादा, कारण ते पान प्रत्येक घरात फ्रिजवर चिकटते.

मलपृष्ठ अर्थातच टँकरवाल्याने वर्षभरासाठी घेतले. 32,000 वजा सूट, 25,600 रुपये. पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर 2019पासून दिवसाआड पाणी सुरू झाले, तेव्हापासून इतका निष्ठावंत जाहिरातदार दुसरा नाही. सोसायटी वर्षाला 512 टँकर मागवते. त्याने टँकरमागे फक्त 50 रुपये वाढवले आणि जाहिरात रहिवाशांनीच दिली. स्वावलंबन ते हेच!

समितीने आभाराचा ठराव एकमताने मंजूर केला. दरपत्रकात एक कलमही वाढवले: रोज पाणी सुरू झाल्यास सूट रद्द. संपादकांनी ‘आमचा पाणीलढा’ हा लेख पुढच्या अंकात ढकलला आहे. जागा नव्हती.