सविनय, पाचव्यांदा

गृहरचना सोसायटीच्या फायलीत सर्वांत जास्त पत्रं ज्याची असतात तो सोसायटीचा सदस्य नसतो, भाडेकरू असतो. त्याचं पहिलं पत्र वाचलं तर गळती त्याच्याच घरातून वर जाते आहे अशी शंका यावी. ‘मा. सचिव महोदय, आपल्या व्यग्र दिनक्रमात व्यत्यय आणत असल्याबद्दल क्षमस्व’ इथून सुरुवात होते आणि मुद्दा येतो शेवटच्या ओळीत : बाथरूमच्या छतावर ‘किंचित ओल’ दिसते. दुसऱ्या पत्रात किंचित जातं, तिसऱ्यात क्षमस्व जातं. चौथ्यात ‘संदर्भ’ या शब्दापुढे आधीच्या तिन्ही पत्रांच्या तारखा लागतात आणि मजकूर लाल शाईने अधोरेखित होतो. पाचव्यापर्यंत ओलीचा डाग तालुक्याचा जिल्हा झालेला असतो. तरी शेवटी ‘कळावे, लोभ असावा’ असतंच. ज्याच्या डोक्यावर वरच्यांचं आंघोळीचं पाणी पडतं त्याने लोभ मागावा, याला कोणी बावळटपणा म्हणेल. पण अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्या माणसाला नूतनीकरण नावाची एक गोष्ट सतत दिसत असते, आणि तिच्या उजेडात नम्रता आपोआप येते.

या माणसाला इमारतीत किरकिऱ्या म्हणतात. माझं म्हणणं असं की तो सोसायटीला फुकट मिळालेला एकमेव तपासनीस आहे; फक्त त्याला आपण काय तपासतो आहोत हे फार उशिरा कळतं. बाकीच्यांकडे बघा. ज्या सदनिकेत गळतं तिचा मालक दुसऱ्या गावी असतो आणि गळतीचा बोभाटा झाला तर भाव पडेल म्हणून गप्प असतो. वरच्या सदस्याने नुकत्याच नव्या फरश्या बसवलेल्या असतात. त्या फोडायच्या या कल्पनेनेच त्याला भरून येतं. सचिव मानसेवी असतात, म्हणजे पगार नाही आणि शिव्या आहेत, त्यामुळे कुठलंही प्रकरण शांतपणे जुनं झालेलं त्यांना आवडतं. रोज सकाळी मान वर करून छत बघण्याची गरज एकट्या भाडेकरूला असते, कारण थेंब त्याच्या मानेवर पडतो.

आता सचिवांचा आक्षेप : ‘तुम्ही सदस्य नाही, मालकांना पत्र द्यायला सांगा.’ कागदावर हे बरोबरच आहे. मात्र हा बिगरसदस्य तिथे राहतो म्हणून सोसायटी मालकाकडून नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस घेते, सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंत. म्हणजे त्याच्या असण्याची पावती फाटते, त्याच्या पत्राची पोच मिळत नाही. आणि खरा प्रश्न पत्र कोणी लिहिलं हा नाहीच, पाणी कुठून येतं हा आहे. आदर्श उपविधींचा ढोबळ हिशेब असा की पावसाचं पाणी किंवा बाहेरच्या सामाईक पाइपाची गळती असेल तर दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाने, आणि वरच्या संडास-बाथरूममधून किंवा सिंकमधून झिरपत असेल तर त्या सदस्याच्या खर्चाने. कारण ठरल्याशिवाय खिसा ठरत नाही. म्हणून कारण न ठरण्यात सगळ्यांचंच हित असतं, एक मान सोडून.

कारण ओळखायला मोठा तज्ज्ञ लागतो असंही नाही. छताच्या मधोमध, दिवसरात्र, सारख्या वेगाने थेंब पडत असतील तर संशय नळाच्या लाइनवर जातो, कारण तिच्यात पाण्याचा दाब कायम असतो. वरच्यांनी एक रात्र व्हॉल्व्ह बंद ठेवला आणि थेंब मंदावला तर बरंचसं उत्तर मिळालं. फक्त जुलै-ऑगस्टमध्ये आणि बाहेरच्या भिंतीच्या कडेने ओल येत असेल तर तो पाऊस. सकाळच्या आंघोळींनंतर काही वेळाने डाग गडद होत असेल तर नहाणी ट्रॅपची कड किंवा फरश्यांमधले सांधे. चौथ्या पत्रापर्यंत आपला नायक यातलं काहीच लिहीत नाही. तो लिहितो ‘असह्य मनस्ताप’. मनस्तापाला वेळ नसते, थेंबाला असते. पाचव्या पत्रात, बहुधा सासरेबुवांच्या सल्ल्याने, पहिल्यांदा दिसतं : ‘सकाळी 7 वाजता थेंब तुरळक, 9 वाजता भरभर, दुपारी कमी, रविवारी एक तास उशिरा.’ रविवारचा तो एक तास सगळ्या विशेषणांपेक्षा मोलाचा आहे, कारण रविवारी वरचं कुटुंब उशिरा आंघोळ करतं आणि पाऊस काही रविवार पाळत नाही.

यावर वरच्या सदस्याचे दोन बिनतोड मुद्दे तयार असतात. पहिला : ‘आमच्याकडे या, बघा, सगळं कोरडं आहे.’ असणारच, पाणी खाली गेलं की वर कोरडंच राहतं. दुसरा जास्त वजनदार आहे : ‘आम्ही चार दिवस गावाला होतो, तेव्हाही गळत होतं. मग आमचं कसं?’ इथे बैठकीत माना डोलतात आणि भाडेकरू गप्प होतो. त्याने गप्प होऊ नये. पुष्कळ इमारतींत बाथरूमचा स्लॅब बाकीच्या घरापेक्षा खाली घेतलेला असतो. मिस्त्री त्याला संकन म्हणतात. त्यावर वॉटरप्रूफिंग, मग पाइप, मग विटांच्या तुकड्यांचा भराव आणि वर फरशी. सांध्यांतून उतरलेलं पाणी त्या भरावात साठतं आणि वॉटरप्रूफिंगला जिथे तडा असेल तिथून सवडीने उतरतं. वरचे गावाला गेले तरी त्यांचं पाणी मुक्कामालाच असतं. म्हणूनच वरून सांध्यांत पांढरं सिमेंट भरण्याचा स्वस्त उपाय केल्यावर पंधरा दिवस गळत राहिलं तर लगेच तो फसला म्हणता येत नाही, आणि गळायचं थांबलं तरी जिंकलो म्हणता येत नाही. वॉटरप्रूफिंगचा तडा तिथेच असतो.

एक आक्षेप मात्र मान्य करायला हवा : भाडेकरू निःस्वार्थी नसतो. घर सोडताना रंगकामाच्या नावाने डिपॉझिट कापलं जाईल ही धास्ती त्याच्या प्रत्येक ओळीमागे असते, म्हणून तो फोटो काढतो, तारखा टाकतो, पोपडा पडला की लिहितो, पोपड्याखाली गंजलेली सळई दिसली की तीही लिहितो. पण पुरावा जपायला स्वार्थासारखा कारकून नाही. आणि ती सळई त्याची नव्हे, इमारतीची असते. तिच्यावर गंज चढला की ती फुगते, काँक्रीट फोडते, आणि वॉटरप्रूफिंगवर भागलं असतं ते काम स्लॅबच्या दुरुस्तीवर जातं.

अखेर कंटाळून सचिव पाँडिंग टेस्टला हो म्हणतात. वरच्या बाथरूमच्या नहाणी ट्रॅपचं तोंड बंद करायचं, फरशीवर इंच-दोन इंच रंगीत पाणी भरून चोवीस ते अठ्ठेचाळीस तास ठेवायचं आणि खाली वाट बघायची. एवढा वेळ वरच्यांनी आंघोळ कुठे करायची यावर एक बैठक होते, पाण्याचा रंग देवघराकडे जाणार नाही ना यावर दुसरी. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खालच्या छतावर गुलाबी थेंब येतो. भाडेकरू आनंदाने सहावं पत्र लिहितो, सोबत रंगीत छायाचित्र. वरचे सदस्य ते नीट बघतात आणि विचारतात, रंगाचा खर्च कोणाच्या नावावर टाकला आहे? सचिव तो प्रश्न पुढच्या सभेच्या ‘आयत्या वेळच्या विषयां’त घेतात. सभा करार संपल्यानंतरच्या रविवारी आहे.