सोम-बुध-शुक्र, संध्याकाळी ठीक सात

आमच्या शेजारच्या वहिनींच्या स्वयंपाकाच्या चॅनलला अजून नाव नाही, पण वेळापत्रक आहे. ‘दर सोमवार, बुधवार, शुक्रवार, संध्याकाळी ठीक सात वाजता.’ फ्लेक्सची ऑर्डरही द्यायची आहे. ‘ठीक’ दादांनी घातलं. घोरावाडीहून रोज लोकलने पुण्याला जाणाऱ्या माणसाचा ‘ठीक’वर एवढा विश्वास शिल्लक असावा, याचं मला कौतुक वाटतं. मजकुराचं शुद्धलेखन तपासायला तो कागद माझ्याकडे आला. शुद्धलेखन उत्तम होतं, म्हणून मी हिशेब तपासायला घेतला. शेजाऱ्याला कामाला लावलं की असं होतं.

आधी वहिनींची वही मागवली. हिंगाचे डाग आणि तेलाचे ठसे असलेली, अस्सल. तिच्यात 47 पदार्थ निघाले. आठवड्याला तीन म्हणजे जेमतेम सोळा आठवडे. वर्षाला लागतात 156. शिवाय या 47 पैकी कैरीचा तक्कू उन्हाळ्यात, कुरडया कडक उन्हात, उकडीचे मोदक गणपतीत. श्रावणात तांबडा रस्सा दाखवला तर सासूबाई प्रेक्षकांच्या आधी सदस्यत्व सोडतील. ‘मग नवीन पदार्थ शिकेन की,’ वहिनी म्हणाल्या. शिका, पण नवा पदार्थ पहिल्याच झटक्यात कॅमेऱ्यासमोर जमत नाही. आधी एकदा बिघडवावा लागतो आणि तो बिघडलेला कोणीतरी खावा लागतो. दादांनी माझ्याकडे पाहिलं. मी विषय बदलला.

इथे दादांनी अमेरिका काढली. ज्युली पॉवेल या बाईंनी 2002 साली ज्युलिया चाइल्डच्या पुस्तकातल्या 524 पाककृती 365 दिवसांत करायचं जाहीर केलं आणि दिवसा नोकरी सांभाळून केलं. बरोबर आहे. पण बाई रांधत होत्या आणि लिहीत होत्या. कांदा ‘गुलाबीसर’ झाला हे लिहिलं की वाचकाला तो गुलाबीसर दिसतो. कॅमेऱ्याला खरा गुलाबीसर दाखवावा लागतो, आणि ट्रायपॉड सरकवेपर्यंत तो खरपूस होतो. मग दुसरा कांदा.

शेवटी ठरलं, की जाहीर करण्याआधी एक व्हिडिओ खरोखर करून पाहायचा आणि घड्याळ लावायचं. पदार्थ अळूवडी. एरवी वहिनी ती दीड तासात उरकतात. त्या दिवशी पानं आणणं, धुणं, शिरा काढणं, सगळं साहित्य वाट्यांतून मांडणं यातच सकाळ गेली. स्वयंपाकघराच्या खिडकीतून चांगला उजेड येतो तो साधारण दहा ते एक. त्यानंतर ट्यूबलाइट लावली की बेसन आजारी दिसतं. पीठ लावताना हात दाखवायचा, मग तोच हात वरून दाखवायचा, मग हात धुऊन फोनचं बटण दाबायचं. उंडे वाफेला ठेवले तेव्हा पावणेएक झाला होता. तळणीचा उजेड हुकला, म्हणून तळण दुसऱ्या दिवशी. आवाजाचं तर विचारूच नका. रुळाजवळचं घर. ‘आता यात गूळ घालूया’ म्हटलं की एक्स्प्रेसचा भोंगा. शेवटी आवाज रात्री वेगळा भरायचं ठरलं, आणि रात्री वहिनींना झोप आली.

मग संकलन. ते भाच्याकडे. तो इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि फक्त शनिवारी मोकळा असतो. आठ मिनिटांच्या अळूवडीला त्याला सहा तास लागले, कारण वहिनींनी ‘चवीपुरतं मीठ’ हे वाक्य पाच वेळा, दरवेळी वेगळ्या मूडमध्ये म्हटलं होतं. वर कव्हरचा फोटो, शीर्षक, साहित्याचं प्रमाण लिहिणं आणि अपलोड. सगळं मिळून तेरा तास. त्यात भांडी धरलेली नाहीत, कारण ती मोजायला कोणी तयार नव्हतं.

तेरा त्रिक एकोणचाळीस. वहिनी सकाळी अंगणवाडीत असतात, घरी सासूबाईंची औषधं आणि मुलीची दहावी. खरा मोकळा वेळ लिहून काढला तेव्हा आठवड्याचे सोळा तास भरले. तेरातून भाच्याचे सहा वजा केले तर वहिनींच्या वाट्याला सात, म्हणजे आठवड्याला दोन व्हिडिओ, आणि त्यावर दोन तास शिल्लक. पण अडचण वहिनींच्या वेळेची नव्हतीच. वहिनींनी नोकरी सोडून रात्रंदिवस अळूवड्या वळल्या असत्या, तरी भाच्याचा शनिवार एकच. सहा तासांचे दोन व्हिडिओ एका शनिवारात बसत नाहीत, तिसरा तर नाहीच. सबंध चॅनलचा वेग त्या एका मुलाच्या एका वारावर ठरतो, आणि त्याची सेमिस्टरची परीक्षा नेमकी दिवाळीच्या आगेमागे येते.

‘सारोळा कासारच्या आजींना कसं जमलं मग?’ हा दादांचा हुकमी एक्का. सुमन धामणे यांचं ‘आपली आजी’ 2020 मध्ये गाजलं, चित्रण नातवाने केलं. खरं आहे. पण ते टाळेबंदीचं वर्ष, शाळा-कॉलेजं बंद, नातू घरातच. आमचा भाचा पिंपरीला राहतो. शिवाय त्याच वर्षी त्यांचं चॅनल हॅक झालं होतं आणि काही दिवसांनी परत मिळालं. असल्या गोष्टीला कुठल्या वेळापत्रकात वार राखून ठेवतात?

दादांचं म्हणणं, आता सवयीने वेग वाढेल. वाढेल. पण रेल्वेसुद्धा वेळापत्रक सर्वांत वेगवान फेरीवर आखत नाही. रुळांच्या कामापायी गाडी हळू चालणार, हे धरून काही मिनिटं आधीच जास्तीची घालते. वहिनींच्या घरात काम निघणार हे नक्की आहे: मावळातला जुलै, दुपारी बाराला संध्याकाळ, आणि लाइट गेली की फ्रिज व वायफाय दोन्ही एकदम. म्हणून आणखी तीन व्हिडिओ गुपचूप करायचे आणि चारांपैकी ज्याला सर्वांत जास्त वेळ लागला त्याच्यावर वेळापत्रक बेतायचं, असं मी सुचवलं. शिवाय चार-पाच तयार व्हिडिओ साठ्यात असल्याशिवाय पहिला सोडायचा नाही. साठा दोनवर आला की पाहुणे नाकारायचे.

फराळाचा प्रश्न सर्वांत गमतीचा. चकलीचा व्हिडिओ लोक दिवाळीच्या आधीचे दोन-तीन आठवडे शोधतात. नेमकं तेव्हाच वहिनींच्या घरी माळे उतरलेले असतात आणि कॅमेऱ्याच्या जागी डबे. म्हणजे चकली गौरी-गणपतीच्याही आधी, भर पावसात तळून ठेवायची. वहिनींनी भाजणीचा सराव म्हणून ती परवाच तळली. मऊ पडली. सोसायटीच्या वॉचमनने खाल्ली आणि विचारलं, दिवाळी यंदा लवकर आहे का?

अखेर दुरुस्त मजकूर तयार झाला: ‘दर रविवारी नवीन पदार्थ.’ वेळ नाही. दादांनी निषेध नोंदवला. संध्याकाळी सातला एक रुबाब असतो, ‘रविवारी’ म्हणजे नुसती सुट्टी. त्यावर वहिनींनी दोन महिन्यांनी जाहीर करू म्हटलं, आधी साठा होऊ दे. दादांना हा मोठा धक्का होता. चॅनल सुरू करायचं पण जाहीर करायचं नाही, ही कल्पना त्यांच्या पिढीला पेलत नाही. नगरसेवकांच्या हस्ते नारळ फोडायचं त्यांनी मनात धरलं होतं.

काल फ्लेक्सवाल्याचा फोन आला. एका फ्लेक्सच्या भावात तो दोन देतोय. दादा आता विचारतायत, एकावर सोम-बुध-शुक्र आणि दुसऱ्यावर रविवार छापून घेतला, तर दोन्ही ठेवता येतील ना, कोणता खरा होतोय ते बघून लावू. वहिनी म्हणाल्या, दुसऱ्यावर अळूच्या पानांची ऑर्डर छापा, ती तरी वेळेवर येऊ देत.