पुन्हा विसळणाऱ्या वहिनी

पुण्यामुंबईच्या कुठल्याही सोसायटीत सकाळी दहाच्या सुमारास कान दिला तर एकाच स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज दोनदा येतो. पहिला मोकळा आणि घाईचा असतो, तो मावशींचा. मग दार लागतं, लिफ्ट खाली जाते आणि दुसरा आवाज सुरू होतो, चोरट्या पावलांसारखा दबका. आता वहिनी तीच भांडी पुन्हा विसळत असतात. या वहिनींना ओळखण्याची मुख्य खूण हीच. बाकी त्या सुशिक्षित आणि सुस्वभावी असतात. बँकेत चेकवरची सही जुळली नाही तर समोरच्याला शांतपणे समजावून सांगतात. रिक्षावाल्याशी मीटरवरून वाद घालताना तर त्यांचा आवाज चौकाच्या पलीकडे ऐकू जातो. पण ‘मावशी, डब्याच्या झाकणाला साबण राहतोय’ हे पाच शब्दांचं वाक्य त्यांच्या घशाखालून वर येत नाही. मावशी त्यांच्याहून दहा वर्षांनी लहान असल्या तरीही येत नाही.

म्हणून वहिनी गप्प बसतात असं मात्र नाही. त्या इतर सर्व मार्गांनी बोलतात. साबणाची पांढरी रेघ असलेलं झाकण मावशींच्या नजरेला पडेल असं ओट्याच्या कडेला मांडून ठेवतात, पुराव्याचा मुद्देमाल असावा तसं. नवऱ्याला उद्देशून, पण मोरीपर्यंत पोचेल अशा आवाजात म्हणतात, ‘हल्लीचे साबण किती चिकट आलेत, नाही?’ नवरा पेपरातून मान वर न काढता ‘हो ना’ म्हणतो आणि साबण बदलून आणतो. लेकी बोले सुने लागे या पद्धतीची अडचण अशी की इथे लेकीलाही लागत नाही आणि सुनेलाही. अगदीच असह्य झालं की वहिनी दारात चपला घालत असलेल्या मावशींना सांगतात, ‘जरा नीट घासत जा हं.’ हे बोलल्याचा ताण त्यांना दोन दिवस पुरतो. पण ‘नीट’ या शब्दात माहिती किती आहे? काहीही नाही. मावशी आपल्या समजुतीप्रमाणे नीटच घासत असतात. त्या दुसऱ्या दिवशी कढईचं बूड आणखी दोन मिनिटं खरवडतात, कारण घासणं म्हटलं की कढईच आठवते. झाकण होतं तसंच राहतं. मावशींना वाटतं, एवढं घासूनही यांचं समाधान नाही. वहिनींना वाटतं, सांगूनही उपयोग नाही.

आता ते झाकण जरा जवळून पाहू, कारण सगळं भांडण तिथेच आहे. स्टीलच्या डब्याच्या झाकणाची कड आत दुमडलेली असते. घासताना साबण त्या घडीत शिरतो. विसळताना झाकण धारेखाली धरलं की पाणी सपाट भागावरून घसरून जातं, घडीत पोचतच नाही. ओलं असताना हे दिसत नाही. बोट फिरवलं तर बुळबुळीत लागतं, एवढंच. वाळल्यावर पांढरी रेघ उमटते आणि दुसऱ्या दिवशी शाळेच्या डब्यातल्या पोळीला साबणाचा वास येतो. म्हणजे दोष घासण्यात नसून विसळण्यात आहे, आणि विसळण्यातही फक्त त्या घडीत. त्यावरचा उपाय अगदी साधा आहे. मोठ्या पातेल्यात पाणी घेऊन झाकणं त्यात बुडवायची, घडीतून बोट फिरवायचं आणि बाहेर काढायची. एवढं कळल्यावर बोलायचं वाक्य आपोआप तयार होतं: ‘मावशी, कढया छान निघतायत. पण झाकणाच्या या कडेत साबण राहतोय, बोट लावून बघा. झाकणं तेवढी पातेल्यातल्या पाण्यात बुडवून काढाल का?’ हे मावशी कामाला बसतानाच सांगायचं, झाकण हातात घेऊन आणि घरात पाहुणे नसताना. त्या दिवशी दुसरं काही काढायचं नाही. लादीवर फडक्याचे ओघळ दिसतात तो विषय पुढच्या आठवड्याचा. झाकण आणि लादी एकाच दमात काढली की सूचनेचं आरोपपत्र होतं.

यावर वहिनींचे आक्षेप तयार असतात. पहिला : ‘बोललं तर सोडून जातील.’ ही भीती खोटी नाही. आधीची बाई सोडून गेल्यावर दुसरी मिळेपर्यंतचे दिवस त्यांना अजून आठवतात. पण मावशी कशाने दुखावतील याचा हिशेब त्या चुकीचा मांडतात. झाकणाबद्दल कुणी बोललं तर ते झाकणाबद्दलच असतं. विसरलेली छत्री घ्यायला परत आलेल्या मावशींना मात्र वहिनी आपलीच भांडी पुन्हा विसळताना दिसल्या, तर तो शेरा सगळ्या कामावर पडतो, आणि त्याला उत्तर देण्याची सोयच राहत नाही. दुसरा आक्षेप जरा ताठ असतो : ‘पैसे देतो, मग सांगायचं कशाला? त्यांना कळायला नको?’ पण साबणाची रेघ उमटते भांडी वाळल्यावर, आणि तोवर मावशी तिसऱ्या घरी असतात. ती त्यांना कधी दिसलेलीच नाही. तिसरा आक्षेप शेजारच्या काकूंकडून उसना घेतलेला असतो, ‘गोड बोललं की डोक्यावर बसतात’. काकूंकडे वर्षाकाठी तीन बायका बदलतात, तेव्हा त्यांच्या कडू बोलण्याची परीक्षा होऊन गेलेली आहे.

खरी भीती वेगळीच आहे, आणि ती वहिनी कबूल करत नाहीत. नेमकं बोललं की नेमकं उत्तर येतं. ‘नीट घासा’ला ‘बरं’ म्हणून सुटता येतं. ‘झाकणाच्या कडेत साबण राहतो’ म्हटलं की मावशी म्हणू शकतात, ‘वहिनी, साडेनऊनंतर तुमच्या नळाला करंगळीएवढी धार असते, आणि मोठं पातेलं तर ढिगाच्या तळाशी असतं.’ किंवा, ‘काम धरलं तेव्हा चार माणसांची भांडी ठरली होती. गेले तीन महिने सासूबाई आणि नणंद आहेत.’ आता प्रश्न कामाच्या दर्जाचा राहिला नाही. चार माणसांच्या पगारात सहा माणसांची भांडी त्याच वेळात आवरायची म्हटल्यावर काहीतरी राहणारच, आणि ते कढईत राहिलं तर लगेच दिसतं म्हणून झाकणात राहतं. हे ऐकून घ्यायची तयारी हवी. पुण्यातल्या मोलकरणींनी 1980 साली संप करून संघटना उभी केली, राज्यात घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा 2008 साली झाला, तरी पगार आणि सुट्ट्या अजून ओट्यापाशीच ठरतात. तिथे एकाच बाजूने बोलायचं असं कुठे लिहिलेलं नाही. हे सगळं जुळवूनही झाकण तसंच आलं, पुन्हा दाखवूनही आलं, तर मग तो हलगर्जीपणा म्हणता येईल. त्याआधी नाही.

कधीतरी वहिनी धीर करतात. झाकण हातात घेऊन, वाक्य दोनदा मनात घोकून, कढयांच्या कौतुकासकट बोलून टाकतात. मावशी घडीत बोट फिरवतात, बोट बघतात आणि म्हणतात, ‘हो की. उद्यापासून बुडवते. आणि वहिनी, रात्रीची कढई कोरडी ठेवू नका, पाणी घालून ठेवा. आणि दुधाच्या पातेल्यात चहाचा चोथा कोण टाकतं हो?’ दुसऱ्या दिवशी झाकणं लख्ख निघतात. चोथा कोण टाकतं हे वहिनींना लग्न झाल्यापासून माहीत आहे. त्या पातेलं हातात घेतात, पेपर वाचणाऱ्याकडे बघतात, आणि मावशींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणतात, ‘हल्लीची चहाची पावडर किती चिकट आलीय, नाही?’