जेवायला धरू का?

आमच्या दहावीच्या तुकडीचा मेळावा अंबरनाथला ठरला. एका बाजूला उल्हासनगर, दुसऱ्या बाजूला बदलापूर, म्हणजे कुणालाही एकच स्टेशन. भांडणाचं कारणच उरलं नाही. निमंत्रण मात्र परदेशी स्थायिक झालेल्या वर्गमित्राने इंग्रजीत धाडलं. शेवटी ठळक अक्षरांत, ‘प्लीज आरएसव्हीपी’.

ग्रुपवर पहिली शंका आली, ‘यातला पी म्हणजे आपला पाटील का रे?’

भाषांतर माझ्या गळ्यात पडलं. आरएसव्हीपी ही फ्रेंच वाक्याची आद्याक्षरं. ‘कृपया उत्तर द्या’ एवढाच अर्थ. त्याआधी ‘प्लीज’ लावणारा दोनदा हात जोडतो. मी भारदस्त लिहिलं, ‘कृपया आपली उपस्थिती निश्चित करून कळवावी.’ उत्तरादाखल अकरा अंगठे आणि नऊ नमस्कार आले. नमस्कार म्हणजे ‘आभार’, ‘आलोच’ की ‘माफ कर बाबा’, कळायला मार्ग नाही. तिघांनी ‘येतो’ लिहिलं. पण मराठी माणूस दारातून बाहेर पडतानाही ‘येतो’च म्हणतो!

दोष त्यांचा नाही. आपल्या लग्नपत्रिकेने कधी प्रश्न विचारलाच नाही. ‘अगत्य येण्याचे करावे’ असा लडिवाळ हुकूम सोडला की यजमान मोकळा. किती पानं उठतील ते आचारी अंदाजाने बघायचा. इथे केटरर ताटावर पैसे घेतो, त्याला आकडा हवा.

‘प्लस वन’चं मी ‘सहकुटुंब’ केलं, ती दुसरी चूक. उल्हासनगरच्या कॅम्प चारवरून लगेच निरोप आला, ‘आम्ही सात.’ मूळ निमंत्रणात एक जोडीदार होता. माझ्या मराठीत आत्याही मावली.

मग आठवलं, हा प्रश्न आपल्याकडे आहे. पत्रिकेत नाही, स्वयंपाकघरात आहे. आई तांदूळ धुताना ओरडून विचारते तोच. तिसरा मसुदा असा गेला:

‘मंडळी, रविवारी दुपारी साडेबारा, अंबरनाथ. जेवायला धरू का? ‘धर’ किंवा ‘नको’, एवढंच लिहा. अंगठा म्हणजे ‘नको’. बरोबर नवरा किंवा बायको येणार असेल तर ‘दोन धर’. त्यापुढे आकडे नाहीत. गुरुवारी रात्री ताटं सांगणार. नंतर आलात तर गप्पा मिळतील, जेवण नाही. ‘बघतो’ लिहिणाऱ्याने घरून डबा आणावा.’

रात्रीपर्यंत एकोणतीस ‘धर’ आले. परदेशातल्या मित्राला काळजी वाटली, ‘नको’ म्हणायला लोक संकोचणार नाहीत ना? त्याला सांगितलं, ताट नाकारणं सोपं असतं, माणसाला नाकारणं अवघड.

बदलापूरकराचं उत्तर सर्वांत शेवटी आलं: ‘धर. पण मेगाब्लॉक असला तर धरू नको.’