तबकातली नोट आणि पोस्टरवरचे प्राचार्य

राष्ट्रीय परिषदेत पोस्टर लावायचे तर विषय हवा, आणि विषयासाठी फार लांब कशाला जायचे? या सदरापुरते जन्माला आलेले एक प्राध्यापक गल्लीच्या टोकाच्या मारुतीकडे गेले. आरतीच्या तबकात पुजारीबुवा आधीच शंभराची एक नोट ठेवतात, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक होते. नोट बुवांचीच, आरती संपली की ती बुवांबरोबर घरी जाते. या नोटेमुळे दान वाढते का, असा प्रश्न प्राध्यापकांनी घेतला. प्रश्न उत्तम होता. मग पोस्टर तयार झाले.

पोस्टर ए-झिरो आकाराचे, म्हणजे ८४१ बाय ११८९ मिलिमीटर. काम वाढदिवसाचे फ्लेक्स करणाऱ्या दुकानात दिले असल्याने वरच्या पट्ट्यात संस्थेचे अध्यक्ष, सचिव, प्राचार्य आणि विभागप्रमुख आपापल्या गोलात हसत होते. पार्श्वभूमीला शेंदरी मारुती आणि त्यावर लाल अक्षरे. प्रस्तावना वेदकाळापासून निघून तिसऱ्या रकान्यात गावात पोचली. निष्कर्ष उजवीकडे अगदी तळाशी, त्यामुळे तो वाचणारा प्राचार्यांच्या पाया पडतोय असे लांबून वाटे. मजकूर जुन्या फॉन्टात टंकलेला होता आणि तो फॉन्ट दुकानदाराकडे नव्हता. ‘दानपेटी’च्या जागी डॉलरची चिन्हे आणि महिरपी कंस उमटले. परदेशी अभ्यासकांनी तेवढाच भाग आदराने पाहिला.

गंमत अशी की, बुवांची ही युक्ती शास्त्रातही बसलेली आहे. न्यूझीलंडमधल्या वेलिंग्टनच्या एका मोफत कलादालनात मार्टिन आणि रँडल या संशोधकांनी पारदर्शक दानपेटी ठेवली आणि तिच्यात आधीच काय दिसावे ते आळीपाळीने बदलले. कधी पेटी रिकामी, कधी नाणी, कधी लहान नोटा, कधी मोठी नोट. २००८ साली निष्कर्ष छापून आला. नाणी दिसली की देणारे हात वाढत, पण रक्कम किरकोळ. मोठी नोट दिसली की देणारे कमी, पण देतील ते घसघशीत. बुवांना हे कोणी शिकवले नव्हते, आणि त्यांनी पोस्टरही लावले नव्हते.

प्राध्यापकांचे घोडे पेंड खाते ते इथे. त्यांनी नोट फक्त शनिवारी ठेवायला सांगितली आणि इतर वारी काढून घेतली. शनिवारी दान वाढले! मारुतीच्या देवळात शनिवारी गर्दी असते, हे सांगायला परिषद भरवावी लागत नाही. वाढ नोटेमुळे की वारामुळे, हे या आकड्यांतून कधीच कळणार नाही. एका शनिवारी नोट ठेवायची, पुढच्या शनिवारी नाही, असे केले असते तर निदान शनिवारची तुलना शनिवारशी झाली असती. शिवाय तबकापुढून किती माणसे गेली, हे मोजायला कोणी बसले नव्हते. आणि क्यूआर कोडवरून गेलेले पैसे तबकात पडतच नाहीत.

मग सरासरीची करामत. समजा, दहा भक्तांपैकी नऊ जणांनी प्रत्येकी १० रुपये टाकले आणि मुलाला नोकरी लागलेल्या दहाव्याने ५००१. सरासरी निघते ५०९ रुपये १० पैसे, आणि त्या रकमेच्या आसपास एकानेही दान केलेले नसते. रकमा चढत्या क्रमाने लावून मधली पाहिली तर ती १० रुपये. छोट्या अभ्यासात ही मधली रक्कमच छापावी, आणि शक्य तर प्रत्येक दान एकेक ठिपका म्हणून दाखवावे. प्राध्यापकांनी मात्र तीन मितींचा, फुगलेला, सात रंगांचा वर्तुळालेख काढला होता.

मांडणीवर इलाज आहे. माइक मॉरिसन या अमेरिकी अभ्यासकाने २०१९ मध्ये सुचवले की, मुख्य निष्कर्ष एका साध्या वाक्यात, पोस्टरच्या मधोमध, मोठ्या अक्षरांत लिहावा. तपशील कडेच्या पट्ट्यांत जावा. इथे मधोमध लिहायचे ते असे: ‘नोट ठेवलेल्या दिवशी दान जास्त होते, पण तो शनिवार होता.’ डाव्या पट्टीत किती दिवस आणि किती माणसे मोजली, उजवीकडे ठिपक्यांची एकच आकृती आणि तिच्याखाली मर्यादा. पार्श्वभूमी पांढरी, अक्षरे काळी, मजकूर २४ पॉइंटांहून लहान नाही. छपाईआधी पोस्टर ए-फोर कागदावर काढून पाहावे. हातात धरून वाचता आले नाही, तर भिंतीवरही वाचता येणार नाही. मजकूर युनिकोडमध्ये टंकावा आणि फॉन्ट आत बसवलेली पीडीएफच दुकानदाराला द्यावी.

राहता राहिले अध्यक्ष, सचिव, प्राचार्य आणि विभागप्रमुख. त्यांची जागा आभारात आहे: तळाला, एका ओळीत, २४ पॉइंटांत, फोटोविना.